यंत्र विकत की भाड्याने? घसाऱ्याच्या रकान्याचा हिशेब

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवून विकणारी एक भागीदारी संस्था आहे असे समजू. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर काम करायला तिला आणखी एक व्हीएमसी, म्हणजे उभे मशिनिंग सेंटर हवे आहे. जीएसटी सोडून यंत्राची किंमत ४० लाख रुपये. भागीदारांसमोर दोन कागद आहेत. पहिला बँकेचा: १० टक्के व्याजाने पाच वर्षांचे कर्ज, महिन्याचा हप्ता सुमारे ८५ हजार. दुसरा लीज देणाऱ्या वित्त कंपनीचा: महिन्याचे भाडे ८० हजार, मुदत तीच पाच वर्षे, शेवटी यंत्र परत.

वित्त कंपनीचा माणूस आणखी एक मुद्दा सांगतो. भाड्याचा प्रत्येक रुपया धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो. कर्जाच्या हप्त्यात मात्र फक्त व्याज खर्चात जाते, मुद्दल जात नाही. पाच वर्षांचे भाडे ४८ लाख, ते सगळे वजावटीला पात्र. कर्जावरचे व्याज जेमतेम ११ लाख, वजावट तेवढीच. हप्ता पाच हजारांनी जास्त आणि करबचत पावपटीहूनही कमी, मग विकत का घ्यायचे?

या बोलण्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. तरीही निष्कर्ष चुकतो, कारण एक अख्खा रकाना कागदावर आलेलाच नाही. यंत्र ज्याच्या मालकीचे, त्याला त्यावर घसारा मिळतो. घसाऱ्यासाठी वर्षभरात कोणालाही पैसे मोजावे लागत नाहीत, पण करपात्र नफा मात्र तेवढ्याने घटतो. मुद्दल खर्चात जात नाही हे बरोबर, पण मुद्दलातून जे यंत्र आले त्याची किंमत घसाऱ्याच्या वाटेने वर्षानुवर्षे वजा होत राहते. या रकान्यात किती पैसे आहेत, ते आकड्यांनी पाहू.

उदाहरण १९६१ च्या आयकर कायद्यातील नियमांवर बेतले आहे. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून इथे कलमे न देता नियम सांगतो. भागीदारी संस्थेला सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. उत्पन्न एक कोटीच्या वर गेले तर अधिभारही लागतो. आपल्या संस्थेचा नफा त्याच्या आत आहे असे धरू. याचा अर्थ, नफ्यातून एक लाख रुपये वजा झाले की कर ३१,२०० रुपयांनी कमी होतो.

आयकरासाठी यंत्रसामग्रीवरचा नेहमीचा घसारा १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. शिवाय उत्पादन करणाऱ्या उद्योगाने नवे यंत्र घेतले तर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळतो. यंत्र नवेच हवे, आधी देशात किंवा परदेशात कोणी वापरलेले चालत नाही. वापरलेले यंत्र स्वस्तात आयात करणाऱ्यांच्या हातून ही सवलत जाते, आणि स्वस्त किमतीच्या आनंदात ते कोणाच्या ध्यानात येत नाही. स्वतः माल बनवून न विकता नुसते जॉबवर्क करणाऱ्यांनी आपले काम 'उत्पादन' या व्याख्येत बसते का, हे सीएकडून आधी तपासून घ्यावे. आपली संस्था पंपाचे भाग स्वतः बनवून विकते, म्हणून तिला पहिल्या वर्षी ३५ टक्के घसारा मिळेल.

पाच वर्षांचे चित्र असे दिसते (आकडे लाख रुपयांत):

| वर्ष | घसारा | वाचलेला कर | त्याची आजची किंमत |
|---|---|---|---|
| १ | १४.०० | ४.३७ | ४.०८ |
| २ | ३.९० | १.२२ | १.०६ |
| ३ | ३.३२ | १.०३ | ०.८४ |
| ४ | २.८२ | ०.८८ | ०.६७ |
| ५ | २.४० | ०.७५ | ०.५३ |

शेवटच्या रकान्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण खरी चूक बहुतेक वेळा तिथेच होते. चार वर्षांनी वाचणारा लाख रुपयांचा कर आज हातात असलेल्या लाखाइतका मोलाचा नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक रकमेला एका दराने मागे आणून तिची आजची किंमत काढतात. कोणत्या दराने? लीज आणि कर्ज ही दोन्ही ठरलेल्या हप्त्यांची बंधने आहेत, म्हणून दर कर्जाचाच घ्यायचा, पण करानंतरचा. बँक १० टक्के व्याज घेते, पण व्याज खर्चात जात असल्यामुळे त्यातले ३१.२ टक्के करात वाचतात. संस्थेच्या खिशावर खरा भार पडतो ६.८८ टक्क्यांचा. हिशेबासाठी ७ टक्के धरले आहेत.

एकदा हा दर धरला की व्याजावरची करबचत त्यातच येऊन गेली. अनेक जण ७ टक्क्यांनी आजची किंमत काढतात आणि वर पुन्हा व्याजाची करबचत वेगळ्या रकान्यात वजा करतात. तीच बचत दोनदा मोजली जाते आणि खरेदी आहे त्याहून स्वस्त दिसते. वित्त कंपनीच्या कागदात एक रकाना गाळला जातो, इथे एक रकाना वाढतो. पडताळा सोपा आहे. कर्जाचे सगळे हप्ते, त्यातल्या व्याजाची करबचत वजा करून, करानंतरच्या व्याजदराने आजच्या किमतीत आणले की बेरीज मूळ कर्जाइतकी, ४० लाख येते. म्हणून विकत घेण्याच्या बाजूला कर्जाचे हप्ते मांडायची गरजच नाही. आज ४० लाख गेले असे धरायचे. बँकेने तीस लाखच दिले आणि दहा लाख भागीदारांनी पदरचे घातले, तरी हा आकडा बदलत नाही.

आता बेरीज. घसाऱ्यातून वाचलेल्या कराची आजची किंमत पाच वर्षांत ७.१९ लाख. पाच वर्षे संपल्यावर एप्रिलमध्ये यंत्र १२ लाखांना विकले असे समजू. त्या १२ लाखांची आजची किंमत ८.५६ लाख. पाच वर्षांच्या घसाऱ्यानंतर यंत्राची उरलेली किंमत १३.५७ लाख होती, म्हणजे विक्रीनंतर १.५७ लाख शिल्लक राहतात. आयकरात प्रत्येक यंत्राचा वेगळा हिशेब ठेवत नाहीत. एकाच दराची सगळी यंत्रे एका गटात असतात आणि विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते. गटात दुसरी यंत्रे असतील तर शिल्लक १.५७ लाखांवर पुढेही घसारा मिळत राहतो. त्याची आजची किंमत सुमारे २४ हजार. ४० लाखांतून ७.१९, ८.५६ आणि ०.२४ वजा केले की विकत घेण्याचा खरा खर्च २४.०१ लाख निघतो.

भाड्याचा हिशेब लहान आहे. वर्षाचे भाडे ९.६० लाख, त्यातले ३१.२ टक्के करात वाचतात, म्हणजे खिशातून ६.६० लाख जातात. पाच वर्षांच्या अशा रकमांची ७ टक्क्यांनी आजची किंमत २७.०८ लाख. सोपेपणासाठी भाडे वर्षाच्या शेवटी धरले आहे. प्रत्यक्षात ते महिन्याला, बहुधा आगाऊ जाते, म्हणजे खरा आकडा याहून थोडा जास्तच.

खरेदी ३.०७ लाखांनी स्वस्त आहे. घसाऱ्याचा रकाना मांडलाच नसता तर खरेदीचा खर्च ३१.४४ लाख दिसला असता आणि लीज ४.३६ लाखांनी स्वस्त ठरली असती. भाडे तेच, व्याज तेच, यंत्र तेच. एका रकान्याने निर्णय उलटा फिरतो.

मग लीज घेतल्यावर हा घसारा जातो कुठे? तो नाहीसा होत नाही. यंत्राची मालकी वित्त कंपनीकडे असते, म्हणून घसारा तिच्या पुस्तकात जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आयसीडीएस कंपनीच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. वाहने भाड्याने देणारी वित्त कंपनी ती स्वतः चालवत नसली तरी मालक तीच, आणि भाड्याने देणे हाच तिचा धंदा असल्यामुळे घसारा तिलाच मिळेल. त्याआधी २००१ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सांगितले होते की हिशेबाच्या मानकात लीज कशीही दाखवली तरी आयकरातल्या घसाऱ्यावर त्याचा परिणाम होणार नाही. त्यामुळे ताळेबंदात यंत्र तुमच्या मालमत्तेत दिसते म्हणून घसारा तुमचा, असे धरून चालू नये.

वित्त कंपनी घसाऱ्यातून कर वाचवते आणि त्यातला काही भाग भाडे कमी करून तुम्हाला परत देते, हा लीजच्या बाजूचा मूळ तर्क. पुस्तकांत तो नेहमी येतो: ज्याचा कर जास्त त्याने यंत्राची मालकी घ्यावी आणि ज्याला कर कमी लागतो त्याने भाड्याने वापरावे. तर्क बिनचूक आहे. पण आपल्या उदाहरणात तो उलटा लागू होतो. वित्त कंपनी स्वतः काही उत्पादन करत नाही, म्हणून २० टक्के अतिरिक्त घसारा तिला मिळत नाही. तिने कंपन्यांसाठीचा २२ टक्क्यांचा सवलतीचा कर स्वीकारला असेल तर अधिभार आणि उपकर धरून तिचा दर २५.१७ टक्के, तुमच्या ३१.२ पेक्षा कमी. त्याच यंत्रावर, त्याच ७ टक्क्यांनी मोजले तर तिच्या हातात पाच वर्षांची करबचत ४.६९ लाख होते, तुमच्या हातात ७.१९ लाख. विक्रीनंतर गटात उरलेल्या रकमेवरचा घसारा दोन्हीकडे धरला, तरी फरक दोन लाखांचा राहतो. यंत्र तुमच्या नावावरून तिच्या नावावर गेले की हे दोन लाख सरकारकडे जातात. ती तुम्हाला कितीही उदारपणे भाडे लावो, जे तिच्याकडे आलेच नाही ते ती परत देऊ शकत नाही. माझ्या मते छोट्या उत्पादकाने लीजच्या करलाभाविषयी ऐकताना हीच गोष्ट सर्वात आधी लक्षात ठेवावी.

सगळ्यांचे गणित असेच येईल असे मात्र नाही. तुमचीच संस्था २५.१७ टक्के दर स्वीकारलेली खासगी कंपनी असेल तर अतिरिक्त घसारा सुटतो. नवी करप्रणाली घेतलेल्या एकल मालकालाही तो मिळत नाही. अशा कंपनीसाठी हाच हिशेब, करानंतरचा दर साडेसात टक्के धरून केला, तर खरेदीचा खर्च २६.३३ लाख आणि लीजचा २९.०७ लाख येतो. अंतर ३.०७ वरून २.७३ लाखांवर येते. खरेदीच पुढे राहते, पण फायदा घटतो.

तोट्यात चाललेल्या किंवा नव्याने सुरू झालेल्या उद्योगाची गोष्ट वेगळी. नफाच नाही तर वजावट कशातून करायची? न वापरलेला घसारा पुढच्या वर्षांत ओढून नेता येतो आणि त्याला मुदत नाही. धंद्याचा तोटा मात्र आठ वर्षेच ओढता येतो. आपल्या संस्थेला पहिली तीन वर्षे कर लागणारच नाही आणि साठलेला सगळा घसारा चौथ्या वर्षी वापरला जाईल असे धरले, तर करबचतीची आजची किंमत ७.१९ लाखांवरून ६.२५ लाखांवर घसरते. यावर लगेच सल्ला मिळतो, 'मग लीज घ्या.' पण भाड्याची वजावटही तीन वर्षे तशीच पडून राहते, आणि तिचे नुकसान जवळपास तेवढेच, सुमारे लाखभर. शिवाय भाड्याचा तोटा आठ वर्षांच्या मुदतीला बांधलेला आणि घसारा नाही. तोट्यातल्या उद्योगाला लीज फायद्याची ठरते ती एकाच वाटेने: वित्त कंपनीने स्वतःच्या करबचतीतला वाटा भाड्यातून खरोखर परत दिला तर. तो दिला की नाही हे भाड्याच्या आकड्यातच दिसते, माहितीपत्रकात नाही.

भाड्याचा आकडा वाचायची एक रीत आहे. या धंद्यात भाडे 'दर हजारी दरमहा' असे सांगतात. यंत्राच्या किमतीच्या प्रत्येक हजार रुपयांमागे महिन्याला किती रुपये, हा तो दर. ४० लाखांवर ८० हजार म्हणजे हजारी २० रुपये. आपल्या संस्थेसाठी खरेदी आणि लीज बरोबरीत येतील असे भाडे काढले तर वर्षाला ८.५१ लाख, महिन्याला सुमारे ७०,९०० येते, म्हणजे हजारी १७ रुपये ७३ पैसे. २५.१७ टक्क्यांच्या कंपनीसाठी हाच आकडा १८ रुपये १२ पैसे. दोघांत ३९ पैशांचा फरक. कराचा दर आणि अतिरिक्त घसारा यांचे सगळे वजन या ३९ पैशांत मावते. वित्त कंपनीने मागितलेला दर मात्र बरोबरीच्या वर दोन रुपयांहून जास्त आहे. घसाऱ्याचा रकाना गाळला तर निर्णय फिरतो हे खरे, पण तो मांडल्यावर घासाघीस करायची ती भाड्यावरच.

हजारी २० चा दर व्याजाच्या भाषेत किती होतो? वेगवेगळे दर धरून दोन्ही बाजू पुन्हा मोजून पाहिल्या. करानंतरचा दर ९ टक्के धरला तरी खरेदी ६३ हजारांनी स्वस्त राहते. १० टक्के धरला की लीज ५१ हजारांनी स्वस्त होते. साडेनऊच्या किंचित वर दोन्ही सारखे होतात. करानंतरचे साडेनऊ म्हणजे करापूर्वीचे जवळजवळ १४ टक्के. ही लीज १४ टक्के व्याजाचे कर्जच आहे, फक्त कागदावर व्याजाचा आकडा छापलेला नाही. बँक १० टक्क्यांनी देत असेल तर ती घेण्यात अर्थ नाही. पण बँकेने तारण नाही म्हणून नाकारले आणि दुसरीकडे कर्ज १७ टक्क्यांनी मिळत असेल, तर हीच लीज योग्य ठरते. करानंतरचा दर १२ टक्के धरला तर लीज २.६४ लाखांनी स्वस्त पडते. पैसे कुठून आणि किती व्याजाने मिळतात, यावर उत्तर बदलते. म्हणून शेजारच्या कारखान्याने लीज घेतली की खरेदी केली, यावरून आपला निर्णय करू नये.

दुसरी अनिश्चितता यंत्राच्या विक्रीची. आपण १२ लाख धरले. विक्रीची किंमत एक लाखाने पडली की खरेदीचा खर्च साधारण ५६ हजारांनी वाढतो, कारण कमी आलेल्या पैशाचा थोडा भाग गटात उरतो आणि घसाऱ्यातून परत येतो. बरोबरी व्हायला विक्रीची किंमत साडेसहा लाखांपर्यंत खाली यावी लागेल. व्हीएमसीसारख्या यंत्राला जुन्या यंत्रांच्या बाजारात गिऱ्हाईक असते, त्यामुळे इतकी घसरण सहसा होत नाही. पत्रा कापणाऱ्या लेझर यंत्रांचा अनुभव वेगळा आहे. फायबर लेझर आल्यावर जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझर यंत्रांची मागणी ओसरली आणि ती घेऊन बसलेल्यांना गिऱ्हाईक मिळेना. तंत्र झपाट्याने बदलणाऱ्या यंत्राची लीज हजारी दरात महाग असली तरी घ्यावी असे मला वाटते, कारण मग पाच वर्षांनी यंत्राचे काय करायचे हा प्रश्न वित्त कंपनीचा होतो. अर्थात, करारात यंत्र परत करण्याचा हक्क स्वच्छ लिहिलेला असला तरच.

कारखान्यात एकच यंत्र असेल तर विक्रीचा आणखी एक पेच आहे. गटातले शेवटचे यंत्र विकले की गट संपतो. शिल्लक १.५७ लाखांवर पुढे घसारा मिळत नाही. ते अल्पमुदतीचे भांडवली नुकसान ठरते आणि धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. उलट, उरलेल्या किमतीहून जास्त रक्कम आली तर तेवढ्यावर अल्पमुदतीच्या भांडवली नफ्याचा कर त्याच वर्षी भरावा लागतो. आपल्या हिशेबात हे सगळे २४ हजारांचे प्रकरण आहे, पण मोठ्या यंत्रात ते लाखांत जाते.

घसारा मिळायला यंत्र नुसते विकत घेऊन पुरत नाही, ते वापरात यावे लागते. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी दोन्ही घसारे निम्मे होतात. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत यंत्र चालू झाले की नाही, यावर लाखभर रुपयांची करबचत एका वर्षाने पुढेमागे होते. अतिरिक्त घसाऱ्याचा उरलेला अर्धा भाग, १० टक्के, पुढच्या वर्षी मिळतो, बुडत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ट्रकमधून उतरलेल्या, वीजजोड न मिळालेल्या यंत्रावर घसारा मागणारे कारखानदार दरवर्षी असतात आणि करनिर्धारणात तिथेच अडकतात. यंत्र बसवल्याचा अहवाल, चाचणीत निघालेल्या मालाची नोंद, पहिल्या विक्रीचे बीजक आणि वीजबिल हे कागद तारखेनिशी हाताशी हवेत.

जीएसटीतही एक खाच आहे. ४० लाखांवर १८ टक्के म्हणजे ७.२० लाख कर खरेदीच्या दिवशीच द्यावा लागतो आणि पुढे विक्रीवरच्या करातून तो वळता करून घेता येतो. लीजमध्ये तोच कर महिन्याच्या भाड्यावर थोडा थोडा लागतो. दोन्हीकडे तो परत मिळतो, फक्त खरेदीत काही महिने पैसे अडकतात. पण वळता करून घेतलेल्या जीएसटीवर घसारा मागता येत नाही. ४७.२० लाखांवर घसारा लावायचा आणि ७.२० लाखांची जमाही घ्यायची, असे दोन्ही केले तर जमा परत करावी लागते, वर व्याजही भरावे लागते.

लीज घेतली तर भाड्यातून उद्गम कर कापायचा असतो. यंत्रसामग्रीच्या भाड्यावर तो २ टक्के आहे. १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला ५० हजारांच्या वरच्या भाड्याला तो लागतो, म्हणजे आपल्या ८० हजारांना लागतोच. तो कापून भरला नाही तर त्या वर्षीच्या भाड्याच्या ३० टक्के रक्कम खर्च म्हणून मान्य होत नाही. ९.६० लाखांचे ३० टक्के म्हणजे २.८८ लाख, आणि त्यावरचा कर सुमारे ९० हजार. नंतर कर कापून भरला की वजावट मिळते, पण पुढच्या वर्षी. 'भाड्याचा प्रत्येक रुपया खर्चात' हे वाक्य या अटीसह वाचायचे.

शेवटी करार. मुदत संपल्यावर यंत्र नाममात्र रकमेत तुमचे होईल असे लिहिलेले असेल तर सावध व्हावे. आयकर अधिकारी असा करार प्रत्यक्षात हप्त्यावरची खरेदी आहे असे म्हणू शकतो. मग भाडे खर्च म्हणून मान्य न होता त्यातला मोठा भाग यंत्राची किंमत ठरतो आणि वाद वर्षानुवर्षे चालतो. मुदतीआधी यंत्र परत केले तर उरलेले सगळे भाडे भरायचे, यंत्र परत नेण्याचा खर्च आणि स्पिंडलची दुरुस्ती भाडेकरूने करायची, अशी कलमे मागच्या पानांवर असतात. बोलणी करायला बसण्याआधी ही पाने वाचायला हवीत.

अनामतही याच पानांवर सापडते. तीन महिन्यांचे भाडे, म्हणजे २.४० लाख बिनव्याजी ठेवायचे आणि पाच वर्षांनी परत घ्यायचे, असे कलम असेल तर त्याचा आजचा खर्च ६९ हजार होतो. तो लीजच्या बाजूला मिळवला की बरोबरीचे भाडे महिन्याला ७०,९०० वरून ६८,९०० वर येते. शिरोलीच्या त्या संस्थेने वित्त कंपनीशी बोलायला बसताना हजारी १७ रुपये २० पैसे हा आकडा कागदावर लिहून न्यावा. अनामत ठेवावी लागणार असेल तर त्याहून वरच्या प्रत्येक दराला बँकेचे कर्जच स्वस्त पडते.